प्रज्ञाचे स्पेलिंग

आम्ही पेशाने कारकून. नावे लिहिणे, नावे ताडून पाहणे आणि एका कागदावरचे नाव दुसऱ्याशी जुळत नाही म्हणून अर्ज परत करणे, यातच आमची नोकरीची वीस-बावीस वर्षे गेली. रविवारी विहारात बसून वस्तीतल्या लोकांचे फॉर्म भरून देतो, तिथेही तेच. मराठीत नाव एकच असते. घोटाळा होतो तो इंग्रजी अक्षरांत. मिलिंद, सुजाता ही नावे कोणीही लिहिली तरी बहुधा एकसारखीच उतरतात. पण नावात ‘ज्ञ’ आला की चार माणसे चार तऱ्हेने लिहितात.

आमच्या थोरल्या भावाच्या मुलीचे नाव प्रज्ञा. महानगरपालिकेच्या जन्म दाखल्यावर मराठीबरोबर इंग्रजी नावही असते, तिथे Pradnya असे होते. आधार कार्डावर तेच. शाळेत पहिलीला घालताना मात्र कोणीतरी हिंदी उच्चाराप्रमाणे Pragya लिहिले आणि तेच जनरल रजिस्टरमध्ये चढले. पोरीने स्वतःचा ईमेल काढला, तो `pragnya` या अक्षरांनी. तिची आत्या पुस्तके वाचणारी, ती वाढदिवसाच्या कार्डावर Prajna लिहायची. नववीपर्यंत कोणाचे काही अडले नाही. मग शाळेतून निरोप आला की मुलीचा ‘अपार’ क्रमांक तयार होत नाही, कारण शाळेच्या नोंदीतले नाव आणि आधारवरचे नाव जुळत नाही.

दादा म्हणाले, “शाळेचे राहू दे, आधार बदलून टाकू. ते सोपे.” आम्ही म्हटले, “दादा, थांबा जरा. आधी सगळे कागद जमिनीवर मांडू.”

हे मांडणे महत्त्वाचे आहे, वाचकहो. कोणता कागद बदलायला सोपा, हे विचारून भागत नाही. कोणता कागद बदलायला सर्वांत अवघड, हे विचारायचे आणि बाकीचे त्याच्या मागे न्यायचे. ईमेल एका संध्याकाळी नवा काढता येतो. इन्स्टाग्रामवरचे नाव बसल्या जागी बदलते. आधारवरचे नाव आयुष्यात दोनदाच बदलून मिळते. शाळेची नोंद मूल शाळेत आहे तोवर दुरुस्त होण्यासारखी असते. शाळा सोडल्यावर तेच काम फार जड जाते. आणि दहावीचे प्रमाणपत्र एकदा छापून आले की कॉलेज, नोकरी, पासपोर्ट, सगळे त्याच्याकडे बोट दाखवतात. प्रज्ञा नववीत होती, म्हणजे दार अजून उघडे होते. मुलगी बारावी होऊन गेली असती, तर आम्हीच दादांना सांगितले असते की आता Pragya हेच धरा आणि आधार त्याच्याशी जुळवा.

मग घरात वाद झाला तो उच्चाराचा. वहिनी म्हणाल्या, “भाऊजी, Pradnya लिहिले तर बाहेरची माणसे ‘प्रॅडन्या’ म्हणतात.” खरेच म्हणतात. पण Pragya लिहिले तर ‘प्रग्या’ म्हणतात, आणि आत्याचे Prajna कोणी ‘प्रज्ना’ वाचते. पालीत तर हा शब्द ‘पञ्ञा’ होतो. आमच्या तोंडचा ‘ज्ञ’ इंग्रजी अक्षरांत नेमका उतरवणारे एकही स्पेलिंग नाही. आमचे मत असे, की स्पेलिंग उच्चारासाठी निवडूच नये. उच्चार माणूस तोंडाने शिकवतो. स्पेलिंग हे कागद जुळण्यासाठी असते. महाराष्ट्रात ‘ज्ञ’साठी dny लिहायची रीत आहे, Dnyaneshwar आपण असेच लिहितो, आणि जन्म दाखला, आधार हे दोन कागद आधीच त्या बाजूला होते. घरात ठरले, Pradnya.

जन्म दाखला आणि आधारची प्रत जोडून दादांनी मुख्याध्यापकांकडे अर्ज दिला. हेलपाटे पडले, तीन महिने गेले, पण रजिस्टरमधली नोंद दुरुस्त झाली. पुढे दहावीला बोर्डाकडून शाळेत प्री-लिस्ट येते, म्हणजे परीक्षेला बसणाऱ्या मुलांची तपासायची यादी. प्रमाणपत्रावर काय छापले जाणार ते त्या यादीत दिसते. मुले गर्दीत उभी राहून, आपली ओळ शोधून सही करतात आणि पळतात. आम्ही प्रज्ञाला बजावले होते की नाव वाचायचे नाही, एकेक अक्षर बोट ठेवून मोजायचे. सात भरली पाहिजेत. तिने मोजली, सहाच भरली. PRADNA! नुसत्या नजरेने वाचणाऱ्याला तो गाळलेला Y दिसलाच नसता, कारण आपले नाव आपण पाठच वाचतो. तिथल्या तिथे दुरुस्त झाले.

याच्या उलट गंमत आधार केंद्रावर होते. इंग्रजीत Pradnya टाकले की संगणक त्याचे मराठी आपोआप करतो, आणि बरेचदा ते ‘प्रद्न्या’ असे होते. पावती हातात घेताना मराठी ओळही वाचा आणि तिथेच ‘प्रज्ञा’ करून घ्या. इंग्रजी सांभाळण्याच्या नादात मराठी नाव गमावायचे नाही.

सोपे कागद शेवटी. जुना ईमेल लगेच बंद केला नाही. बँक आणि शिष्यवृत्तीची पत्रे त्यावर येत होती. नव्या पत्त्यात `pradnya` सात अक्षरे जशीच्या तशी ठेवून पुढे वडिलांच्या नावाचे आणि आडनावाचे अक्षर जोडले. नाव आधीच कोणी घेतले असले की मुले शेवटी एक जादा a लावून `pradnyaa` करतात, ते आम्ही करू दिले नाही. फोनवर पत्ता सांगताना तो जादा a हमखास गळतो आणि पत्र तिऱ्हाईताला जाते. जीमेलमध्ये मधल्या टिंबाला किंमत नाही, टिंब घाला वा काढा, पत्ता एकच. पण अक्षराला आहे.

पासपोर्ट तिने नंतर काढला. दहावीच्या प्रमाणपत्रावर आडनाव पहिले येते. पासपोर्टच्या अर्जात आडनावाचा रकाना वेगळा आणि दिलेल्या नावाचा वेगळा, तेवढे बघून भरावे. फोटोच्या पानावर तळाशी यंत्राने वाचायच्या दोन ओळी असतात, प्रत्येकी ४४ खुणांच्या. त्यात नाव A ते Z या मोठ्या अक्षरांतच बसते, मोकळ्या जागी `<` ही खूण. तिथे `<<PRADNYA<` असे उमटले. विमानाचे तिकीटही याच अक्षरांचे लागते. अर्जात दुसऱ्या नावाने ओळखले जाता का, असाही प्रश्न असतो. प्रज्ञाने नि:शंक ‘नाही’ लिहिले.

आमच्या लोकांना शाळेच्या रजिस्टरची किंमत वेगळी सांगायला नको. ७ नोव्हेंबर १९०० रोजी साताऱ्याच्या शाळेत ‘भिवा रामजी आंबेडकर’ ही नोंद झाली, ती आजही आपण पाहतो. पण तिथे कोणी इंग्रजी स्पेलिंग विचारले नव्हते. आता बाळाच्या जन्म दाखल्यापासूनच विचारतात. १ ऑक्टोबर २०२३ रोजी किंवा त्यानंतर जन्मलेल्या मुलांना पासपोर्टसाठी जन्मतारखेचा पुरावा म्हणून जन्म दाखलाच लागतो, दुसरे काही चालत नाही. जन्मनोंदीत बाळाचे नाव बारा महिन्यांच्या आत विनाशुल्क घालता येते. तेवढ्या वेळात घरातल्यांनी बसून अक्षरे ठरवावीत आणि चिठ्ठीवर मोठ्या अक्षरांत लिहून न्यावीत. तोंडी सांगू नये.

दादांच्या धाकट्याचे नाव सिद्धार्थ. त्याच्या दाखल्यावर Siddharth आहे, दोन d, शेवटी a नाही. मध्यंतरी त्याने कुठेतरी वाचून शेवटी a हवा असा हट्ट धरला. प्रज्ञानेच त्याला घरातले कागद एकेक करून मोजून दाखवले. पाचही ठिकाणी a नव्हता.