घड्याळातले ४१२ आणि एक ग्लास शेक

गेल्या वर्षी आमच्या घरात एक लहानसा तंटा झाला. कारण होते मनगटावरचे घड्याळ. मुलांच्या अब्बांची साखर सीमारेषेवर आल्याचे रिपोर्टमध्ये दिसले, तेव्हा डॉक्टरांनी चालण्याबरोबर वजने उचलण्याचा व्यायामही करायला सांगितले. आम्ही दोघांनी मिळून सुरुवात केली. आठवड्यातून तीन दिवस, शाळेतून आल्यावर, असरनंतर घराच्या गच्चीवर. दोन डंबेल्स, एक जुनी लोखंडी पट्टी आणि तिच्यात घालायच्या काही चकत्या, एवढेच साहित्य. आखणी जवळच्या व्यायामशाळेतल्या एका प्रशिक्षकाने करून दिली आणि जाता जाता सांगितले, "वजन उचलले की पुढचे दोन दिवस शरीर आपोआप चरबी जाळत राहते. बसल्या जागी!"

हे ऐकून आम्ही खूश झालो. पंचेचाळीस मिनिटांचा व्यायाम संपला की घड्याळ ४१२ कॅलरी दाखवायचे, कधी ३८०, कधी ४३०. वर दोन दिवसांची ही फुकटची जळण. मग एक मोठा ग्लास शेक प्यायला काय हरकत आहे? मलईदार दूध, एक केळे, तीन खजूर. घड्याळाने "परवानगी" दिलेलीच होती.

तीन महिन्यांनी वजनकाट्यावर उभे राहिलो, तर अब्बांचे वजन ८० वरून ८१ किलो. त्यांनी जाहीर केले की हा व्यायाम आपल्या नशिबात नाही, डंबेल्स भंगारात देऊन टाकू. गोष्ट इथेच संपली असती, तर औषध म्हणून सांगितलेला व्यायाम एका आकड्यापायी सुटला असता. म्हणून आम्ही अकरावीतल्या मुलाला सोबत घेऊन, दस्तरखान आवरल्यावर, वही-पेन्सिल घेऊन हिशेबाला बसलो.

पहिली गोष्ट त्याने शोधली ती वेळेची. एका व्यायामाचा एक सेट, म्हणजे दहा-बारा वेळा उचलणे, किती वेळ चालतो? मोजले तर सुमारे ४० सेकंद. आम्ही एकंदर १८ सेट करतो. म्हणजे खरे उचलणे फक्त १२ मिनिटे. उरलेली ३३ मिनिटे आम्ही धापा टाकत बसतो, चकत्या बदलतो, पाणी पितो आणि शेजारच्या गच्चीवरच्या भाभींशी बोलतो. पंचेचाळीस मिनिटे सलग भराभर चालणारा माणूस पंचेचाळीस मिनिटे चालतो. पंचेचाळीस मिनिटे वजने उचलणारा बहुतेक वेळ बसलेला असतो.

मग घड्याळ ४१२ का म्हणते? ते कॅलरी मोजतच नाही. ते हृदयाचे ठोके मोजते आणि त्यावरून अंदाज बांधते. चालताना किंवा पळताना हा अंदाज बराचसा जमतो, कारण ठोके वाढतात तसा शरीराने वापरलेला प्राणवायूही वाढतो, आणि प्राणवायूच्या प्रत्येक लिटरमागे साधारण ५ कॅलरी खर्च होतात. वजन उचलताना मात्र ही जोडी तुटते. आपण मूठ आवळतो, दम धरतो, ताणलेला स्नायू आतल्या रक्तवाहिन्या दाबून धरतो, रक्तदाब चढतो आणि हृदय धडधडू लागते. ठोके पळणाऱ्याचे, प्राणवायूचा वापर मात्र त्याहून पुष्कळ कमी. घड्याळ ठोके पाहून समजते की साहेब पळत आहेत. त्यात मनगट वाकले किंवा मूठ घट्ट झाली की ठोके वाचणारा प्रकाशही चुकतो.

हे तपासायला फार काही लागत नाही. सेट संपवून खुर्चीत बसा आणि घड्याळाकडे बघा. तुम्ही हलतही नसता, पण कॅलरीचा आकडा भराभर पुढे सरकत असतो. दुसरी खूण अशी की, अगदी तीच वजने, तेवढेच सेट, आणि आकडा एका दिवशी ३८०, दुसऱ्या दिवशी ४३०. २०१७ साली अमेरिकेतल्या स्टॅनफर्ड विद्यापीठाने ६० लोकांच्या मनगटांवर सात प्रकारची उपकरणे तपासली होती. ठोके बहुतेकांनी बरे मोजले, पण कॅलरीत सर्वांत चांगले उपकरणही सरासरी २७ टक्क्यांनी चुकले, तर सर्वांत वाईट ९३ टक्क्यांनी. आणि तिथे लोक चालत, पळत आणि सायकल मारत होते. वजने उचलणे तर घड्याळासाठी त्याहून अवघड.

मग विश्वास कशावर ठेवायचा? अभ्यासक यासाठी "मेट" नावाचे एक माप वापरतात. स्वस्थ बसलेल्या माणसाचा खर्च म्हणजे १ मेट, आणि तो धरला जातो वजनाच्या दर किलोला तासाला साधारण १ कॅलरी. वेगवेगळ्या कामांचे मेट एका मोठ्या तक्त्यात दिलेले आहेत. ८ ते १५ वेळा उचलण्याचे, मध्ये विश्रांती घेऊन केलेले विविध व्यायाम, म्हणजे आम्ही करतो तसे, त्यांना तिथे ३.५ मेट आहेत. पहिलवानी थाटाच्या जोरकस व्यायामाला ६.

आता आमचा हिशेब. वजन ८० किलो, वेळ पाऊण तास. ३.५ गुणिले ८० गुणिले पाऊण, उत्तर २१० कॅलरी. घड्याळाच्या निम्म्यावर आलो! पण मुलगा थांबला नाही. त्याने विचारले, "अब्बा, तुम्ही त्या पाऊण तासात नुसते बसून वह्या तपासल्या असत्या तर?" तरीही शरीराने १ मेटप्रमाणे ६० कॅलरी खर्च केल्याच असत्या. त्या व्यायामाच्या खात्यात कशा धरायच्या? त्या आपल्या रोजच्या जेवणात आधीच धरलेल्या असतात. २१० मधून ६० गेले, उरले १५०. व्यायामाची खरी कमाई एवढीच.

हा आकडाही पत्थर की लकीर नाही. तक्ता सरासरी सांगतो. वय वाढलेल्या किंवा अंगाने जाड माणसाचा बसल्या जागचा खर्च किलोला एका कॅलरीपेक्षा कमीच असतो, त्यामुळे खरी कमाई आणखी थोडी घटू शकते. उलट, ६ मेटचा जोर लावला असे मानले, तरी निव्वळ ३०० च्या पुढे जात नाही. ४१२ कुठेच बसत नाही.

"पण ती दोन दिवसांची जळण?" अब्बांची शेवटची आशा तीच होती. ही गोष्ट खोटी नाही, हे आधी सांगायला हवे. व्यायाम थांबला तरी आपण काही वेळ धापा टाकतोच. स्नायूंमधला झटपट वापरायचा इंधनसाठा परत भरायचा असतो, रक्तातला प्राणवायू पूर्ववत करायचा असतो, तापलेले अंग थंड व्हायचे असते, स्नायूंची डागडुजी करायची असते. या सगळ्याला जास्तीचा प्राणवायू लागतो. यातला मोठा भाग पहिल्या तासाभरात उरकतो. पुढे रेंगाळते ती डागडुजी, आणि तिचा खर्च बारीक असतो. गॅस बंद केल्यावर तवा बराच वेळ गरम राहतो, पण त्यावर भाकरी भाजत नाही. तसेच हे.

किती बारीक? २००६ साली अशा अनेक प्रयोगांचा एकत्र आढावा घेतला गेला. त्यात दिसले की ही नंतरची जळण व्यायामाच्या निव्वळ खर्चाच्या ६ ते १५ टक्के असते, आणि १५ टक्क्यांपर्यंत जायला व्यायाम चांगलाच जोरकस लागतो. आमच्या १५० चे ६ टक्के म्हणजे ९ कॅलरी, १५ टक्के म्हणजे २२ किंवा २३. एका साध्या खजुरात जवळपास तेवढ्याच असतात. दोन दिवसांच्या फुकटच्या जळणीची किंमत निघाली जास्तीत जास्त एक खजूर, आणि आम्ही तर शेकमध्ये तीन टाकत होतो.

दोन दिवसांची ही गोष्ट प्रशिक्षकाच्या कानावर आली कुठून? २००२ सालच्या एका प्रयोगात व्यायामानंतर ३८ तासांनीही प्राणवायूचा वापर वाढलेला आढळला होता. पण त्यात फक्त सात पुरुष होते, आणि त्यांनी अर्धा तास तीन जड व्यायाम अंगातली ताकद संपेपर्यंत आलटून पालटून केले होते. तो मुकाबला आमच्या गच्चीवरच्या व्यायामाशी नाही. शिवाय किती वेळ आणि किती प्रमाणात, हे दोन वेगळे प्रश्न आहेत. नळ रात्रभर ठिबकला म्हणून टाकी भरत नाही.

आता शेकचा हिशेब. मोठा ग्लास मलईदार दूध सुमारे २१५, केळे १००, तीन खजूर ६५. एकूण ३८०. कमाई १५०, खर्चून बसलो ३८०. दर वेळी २३० कॅलरी जास्त. बारा आठवडे, आठवड्यातून तीन वेळा, म्हणजे ३६ वेळा. ३६ गुणिले २३०, उत्तर ८२८०. एक किलो चरबीत साधारण ७७०० कॅलरी धरतात. वाढलेला एक किलो वहीवर सापडला! शरीराचा हिशेब इतका काटेकोर नसतो, हे खरे, पण दोष व्यायामाचा नव्हता एवढे कळायला ते पुरेसे होते. अब्बा बराच वेळ वहीकडे बघत राहिले आणि म्हणाले, "म्हणजे डंबेल्सचा काही कसूर नव्हता तर."

नव्हताच. डॉक्टरांनी वजने उचलायला सांगितली होती ती कॅलरी जाळण्यासाठी नव्हे. जेवणानंतर रक्तात येणारी साखर साठवून ठेवणारे सर्वांत मोठे कोठार म्हणजे आपले स्नायू. ते वापरात राहिले तर साखर तिथे जाते, आणि पन्नाशीकडे जाताना ते झिजत नाहीत. हे काम घड्याळाच्या आकड्यात दिसत नाही. वजन कमी करायचे असेल, तर त्याचा मोठा भाग ताटातच ठरतो.

त्या रात्रीपासून आम्ही तीन बदल केले. व्यायामाच्या वेळी घड्याळ कपाटात ठेवतो. शेक बंद केला. त्याऐवजी रोजच्या जेवणातच डाळ, अंडे किंवा दही असेल असे पाहतो. आणि कॅलरीऐवजी वहीत दोनच गोष्टी लिहितो: कोणते वजन किती वेळा उचलले, आणि दर जुम्याला सकाळी अनशापोटी काट्यावर किती भरले. एका दिवसाचे वजन पाण्याने, मिठाने वर-खाली होते, म्हणून चार आठवड्यांची सरासरी काढून मगच बोलतो.

पाच महिन्यांत अब्बा ८१ वरून ७८ किलोवर आले आहेत. सुरुवातीला १० किलोचा डंबेल आठ वेळा उचलताना ते दमायचे, आता १५ चा बारा वेळा उचलतात. साखरेचा पुढचा रिपोर्ट पुढच्या महिन्यात आहे. तो काय म्हणेल ते म्हणेल, पण डंबेल्स भंगारात गेले नाहीत.