अठ्ठेचाळीस आकडे कुठे सापडतात

जीएसटीच्या कामात महिन्याची दहा तारीख वाईट. दुसऱ्या दिवशी जीएसटीआर-१ भरायची मुदत संपते. अशाच एका दहा तारखेला श्रीरामपुरातले एक करसल्लागार लॅपटॉप काखोटीला मारून माझ्याकडे आले. रात्री अपडेट लावून झोपले होते. सकाळी निळा पडदा, आणि त्यावर बिटलॉकरची रिकव्हरी की मागणारी चौकट. "व्हायरस आलाय का हो?" हा त्यांचा पहिला प्रश्न. दुसरा, "फॉरमॅट मारायचं का?"

दोन्हींचं उत्तर नाही. विंडोजमधल्या बिटलॉकरने डिस्कवरचं सगळं कुलूपबंद केलेलं असतं आणि किल्ली मदरबोर्डवरच्या टीपीएम चिपच्या ताब्यात असते. मशीन सुरू होताना प्रत्येक टप्प्याचं मोजमाप या चिपमध्ये नोंदलं जातं. ते नेहमीसारखं आलं तरच चिप किल्ली सोडते. फर्मवेअर, म्हणजे आपण ज्याला बायोस म्हणतो, ते बदललं की मोजमापही बदलू शकतं. चोराने केलेला बदल आणि कंपनीने पाठवलेला बदल यांत चिपला फरक करता येत नाही. कंपन्यांचे बरेच अपडेट प्रोग्राम आधी हे कुलूप तात्पुरतं सैल करतात. ते राहून गेलं की हा पडदा येतो.

एक गोष्ट मी आधी विचारतो: बायोसमध्ये कुणी हात घातला का? सिक्युअर बूट बंद केल्यामुळे चौकट आली असेल, तर ते पूर्ववत करताच ती बहुधा जाते. इथे तसं काही नव्हतं. आणि बायोसमधला "टीपीएम क्लिअर" हा पर्याय अशा वेळी अजिबात दाबू नये.

पडद्यावर की मागणाऱ्या ओळीजवळ Recovery key ID असतो. त्याची पहिली आठ अक्षरं मी कागदावर उतरवून घेतली. ही किल्ली नव्हे, कोणती किल्ली हवी ते सांगणारी खूण. खरी किल्ली ४८ आकड्यांची, सहा-सहांच्या आठ गटांत. ती मिळते बहुतेकदा मायक्रोसॉफ्ट खात्यात. दुसऱ्या कुठल्याही मोबाइलवर `aka.ms/myrecoverykey` उघडून लॉगिन करायचं.

पण खातं कुणाचं? गाडं इथेच अडतं. गृहस्थांनी आपल्या खात्याने लॉगिन केलं, यादी रिकामी. आपल्याकडे नवा लॅपटॉप सुरू करून देतो दुकानदार, पुतण्या नाहीतर कॉलेजातली मुलगी, आणि तेव्हा जे खातं टाकलं जातं त्यातच किल्ली जमा होते. विंडोज ११ घरगुती आवृत्तीतही हे कुलूप कुणाला न विचारता लागू शकतं, त्यामुळे मालकाला त्याची गंधवार्ताही नसते. ऑफिस किंवा कॉलेजच्या खात्याने मशीन जोडलेलं असेल, तर किल्ली तिथल्या आयटी विभागाकडे. कुणी स्वतः बिटलॉकर लावलं असेल, तर छापील कागद किंवा पेनड्राइव्हवरची टेक्स्ट फाइल शोधायची.

यांच्या बाबतीत मुलगी निघाली, पुण्याला असणारी. तिच्या खात्यात दोन किल्ल्या होत्या. मधे एकदा विंडोज नव्याने टाकलं होतं, तेव्हाची जुनी एक. कागदावरच्या आठ अक्षरांनी चालू किल्ली कोणती ते ठरलं. ती फोनवर आकडे सांगू लागली, आणि एक गट मशीन घेईना.

याची एक परीक्षा आहे. प्रत्येक गटाला ११ ने पूर्ण भाग जातो. समजा गट २७४८१३ आहे. एकाआड एक आकडे मिळवा: २+४+१ म्हणजे ७, आणि ७+८+३ म्हणजे १८. फरक ११, म्हणून गट बरोबर. आठऐवजी सहा ऐकला तर फरक ९ येतो, गट चुकला. त्यामुळे सगळे आकडे पुन्हा विचारावे लागत नाहीत, तेवढाच गट विचारायचा. "त्र्याऐंशी, सत्त्याहत्तर" असं जोडीने न सांगता एकेक आकडा सांगावा, हेही ओघाने आलं.

मशीन उघडलं. विंडोज चालू झाल्यावर चिपमध्ये नवं मोजमाप सहसा आपोआप धरलं जातं. दर वेळी चौकट येत राहिली तर बिटलॉकर एकदा थांबवून पुन्हा सुरू करावं. मी लगेच अ‍ॅडमिनिस्ट्रेटर म्हणून कमांड प्रॉम्प्ट उघडून किल्ली छापायला घेतली:

```
manage-bde -protectors -get C:
```

तो कागद लॅपटॉपच्या बॅगेत ठेवू नका म्हटलं, तर ते हसले. बॅगेतच ठेवायला निघाले होते.

कुठेच किल्ली नसेल तर? तर डेटा गेला. मायक्रोसॉफ्टही उघडून देऊ शकत नाही. डिस्क काढून दुसऱ्या मशीनला लावली तरी तीच किल्ली मागितली जाते, आणि "रिकव्हरी करून देतो" म्हणून आगाऊ पैसे मागणाऱ्याला मी तरी एक रुपया देणार नाही. फॉरमॅट करून मशीन पुन्हा वापरता येतं, इतकंच.

पुढच्या बायोस अपडेटआधी ही कमांड द्यायची:

```
manage-bde -protectors -disable C: -RebootCount 2
```

डिस्क उलगडत नाही, फक्त चिपची तपासणी दोन रीस्टार्टपुरती थांबते. त्या काळात किल्ली डिस्कवर उघडी असते, म्हणून अपडेट झाल्यावर `manage-bde -status C:` देऊन संरक्षण पुन्हा चालू झाल्याचं पाहून घ्यावं. करसल्लागारांचं जीएसटीआर-१ मात्र त्याच संध्याकाळी भरलं गेलं.