बारा ते चारची जागल

पुसदजवळच्या आमच्या शेतात हरभऱ्यावर जागल करावी लागते. रानडुकरं एकदा शिरली की सकाळी पीक आडवं. यंदा मी पुतण्यासोबत माळ्यावर झोपलो होतो. रात्री पावणेबाराला आपोआप उठून बसलो, तर तो हसला, "काका, तुमची ड्युटी लागली वाटते!" जहाज सोडून बरीच वर्षं झाली, पण सेकंड मेटचं शरीर अजून बारा ते चारचीच वॉच राखतं.

"चार घंटे काम अन् आठ घंटे आराम. मजाच होती मग तुमची," तो म्हणाला. मग मी हिशेबच मांडला.

समुद्रावर दिवसाचे चोवीस तास तीन अधिकाऱ्यांत वाटलेले असतात. थर्ड मेट आठ ते बारा, सेकंड मेट बारा ते चार, चीफ मेट चार ते आठ. दिवसा एकदा, रात्री एकदा. म्हणजे रोज आठ तास. समुद्रात रविवार नसतो, म्हणून आठवड्याचे 56. वॉच घ्यायला पंधरा मिनिटं आधी ब्रिजवर जायचं, डोळे अंधाराला सरावू द्यायचे, आजूबाजूची जहाजं समजून घ्यायची. दिवसातून दोनदा पंधरा मिनिटं म्हणजे आठवड्याला साडेतीन तास. नकाशे दुरुस्त करणं आणि पुढच्या प्रवासाचा मार्ग आखणं हे सेकंड मेटचं काम वॉचबाहेरच होतं. रोजचे दोन तास धरले तर 14. आग विझवायची, बोट उतरवायची कवायत आठवड्याला दीड तास. बेरीज 75.

आठवड्याचे तास 168. त्यातून 75 गेले, उरले 93. आंतरराष्ट्रीय नियम आठवड्याला किमान 77 तास विश्रांती मागतो. कागदावर आम्ही सुखातच होतो. खोल समुद्रात खरोखरही सुखात असायचो. पहाटे पाचला एक झोप, संध्याकाळी साडेसातला दुसरी. पाचसहा दिवसांत अंग त्या दोन तुकड्यांना सरावतं.

सगळं बिघडायचं ते बंदरात. एक दिवस सांगतो. मध्यरात्री ते चार वॉच. सहाला जहाज धक्क्याला लावायचं, म्हणून सहा ते नऊ मी मागच्या दोरांवर. दुपारी बारा ते सहा माल उतरवण्यावर देखरेख. मग मध्यरात्रीपर्यंत मोकळा. विश्रांती किती? पहाटे दोन, सकाळी तीन, रात्री सहा. एकूण अकरा. नियम चोवीस तासांत दहाच मागतो, म्हणजे पास!

पण नाही. ते दहा तास जास्तीत जास्त दोन तुकड्यांत मिळायला हवेत आणि एक तुकडा किमान सहाचा हवा. माझे मोठे दोन तुकडे सहा आणि तीन, म्हणजे नऊ. पहाटेचे दोन तास हिशेबात धरता येत नाहीत. तेवढ्यात आंघोळ, चहा आणि कूस बदलणंच होतं. बेरीज बरोबर असूनही झोप चुकलेली असते ती अशी.

विश्रांतीच्या तक्त्यात अर्ध्या-अर्ध्या तासाची घरं असतात. त्या सकाळची सहा ते नऊची घरं मी विश्रांतीची म्हणून भरली. लॉगबुकात मात्र त्याच वेळी दोर बांधल्याची नोंद होती. तपासणारा हुशार असेल तर हे दोन कागद शेजारी ठेवतो. आमचे कोणी ठेवले नाहीत. पण पुढच्या रात्री, पुन्हा समुद्रात असताना, अडीचच्या सुमारास मी नकाशावर जहाजाची जागा मांडायला गेलो, तर तिथे पेन्सिलची ताजी खूण होती. माझ्याच हातची. ती कधी केली, आठवेना. थकव्यात डोळे मिटण्याआधी असं होतं: काम होतं, माणूस त्यात नसतो. मी कॅप्टनना उठवून सांगितलं.

2010 च्या एप्रिलमध्ये शेन नेंग 1 हे कोळशाचं जहाज ऑस्ट्रेलियाच्या ग्रेट बॅरियर रीफवर चढलं, ते दिवसाउजेडी, संध्याकाळी पाचच्या सुमारास. ग्लॅडस्टन बंदरात कोळसा भरून ते नुकतंच निघालं होतं. ब्रिजवर चीफ मेट होता, स्वतःच्या चार ते आठच्या वॉचवर. मागच्या साडेअडतीस तासांत तो अडीच तास झोपला होता, असं चौकशीत निघालं. दिशा बदलायची वेळ त्याच्या समोरून निघून गेली.

पुतण्या ऐकत होता, बोटांवर काहीतरी मोजत होता. "आता तुझं सांग," मी म्हटलं. दिवसा ओलिताचं आणि फवारणीचं काम आठ तास, रात्री दहा ते पाच जागल. पंधरा तास. उरलेले नऊ, तेही संध्याकाळी आणि पहाटे तुकड्यातुकड्यांनी. "अन् दुसरा-तिसरा मेट?" तो म्हणाला, "इथं मी एकटाच."

मी घड्याळ पाहिलं. बाराला पाच कमी होते.

"झोप तू," म्हटलं. "बारा ते चार माझी."