क्षमेला यमक



क्षमावाणीला लातूरच्या मोठ्या जाऊबाईंना दोन ओळी पाठवायच्या ठरवल्या. वर्षभर आमचं बोलणं बंद होतं. शेवटचा शब्द ‘क्षमा’च हवा होता आणि तिथेच मी अडले.

मग वहीत तीन रकाने आखले. क, ख, ग असं एकेक अक्षर ‘मा’च्या आधी लावून पाहिलं. ‘क्षमा’सारखा ‘मा’आधी अ येतो ते शब्द पहिल्या रकान्यात: जमा, तमा, दमा, उपमा. महिमा, प्रतिमा यांत ‘मा’आधी इ येते, म्हणताना यमक थोडं सैल पडतं, ते दुसऱ्यात. ‘आत्मा’ अर्थाने क्षमेच्या सर्वांत जवळचा, पण जोडाक्षरामुळे कानाला लांब, तो तिसऱ्यात.

आता अर्थ तपासला. ‘दमा’ कानाला अगदी चोख, पण क्षमा मागताना खोकला कशाला? ‘उपमा’ म्हटलं की नाश्ता आठवतो. उरले जमा आणि तमा. बी.कॉम. झालेली मी, हात आधी ‘जमा’कडेच गेला:

वर्षाचा हिशेब झाला जमा,
मिटवून टाकू, करू क्षमा.

वाचून पाहिलं. यमक पक्कं होतं, पण यात चूक दोघींची अर्धी अर्धी वाटली गेली होती. कडू बोलले होते ती मी. ‘तमा’ सहसा नकारासोबतच येते, म्हणून तिथे स्वतःची चूक कबूल करावीच लागते:

बोलले, ना बाळगली तमा,
जाऊबाई, आता करा क्षमा.

हेच पाठवलं. संध्याकाळी फोन वाजला. पलीकडून आवाज आला, “अगं, जेवलीस का?”

मिच्छामि दुक्कडं.