अठ्ठ्याहत्तर वडापाव

माझी मावसबहीण एका तालुक्याच्या गावी सीनियर कॉलेजात तासिका तत्त्वावर अर्थशास्त्र शिकवते. गेल्या वर्षी एफवायबीएच्या अंतर्गत परीक्षेसाठी तिला एक छोटा उतारा आणि त्यावर ‘उपयोजन’ पातळीचे प्रश्न काढायचे होते. पेपर दुसऱ्या दिवशी सकाळी द्यायचा होता. रात्री तिचा फोन आला, “तू इंजिनिअर आहेस ना, आकडेवाले प्रश्न तूच काढ.” मी हो म्हणालो. त्यातून जे झालं, त्यात एका मुलीचे पाच मार्क गेले होते.

उपयोजन म्हणजे काय, ते आधी सांगतो. बेंजामिन ब्लूम आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९५६ साली शिकण्याच्या सहा पायऱ्या मांडल्या. पहिली आठवण्याची, दुसरी समजण्याची आणि तिसरी उपयोजनाची, म्हणजे समजलेली गोष्ट नव्या परिस्थितीत वापरण्याची. बीएड केलेल्यांना हे पाठ असतं. मला त्या रात्री कळलं.

ताईचा उतारा चार वाक्यांचा होता:

“वस्तूची किंमत बदलली की तिची मागणी बदलते. मागणीतील शेकडा बदलाला किमतीतील शेकडा बदलाने भागले की मागणीची किंमत लवचिकता मिळते. इतर परिस्थिती कायम असताना, ही लवचिकता एकापेक्षा कमी असेल तर किंमत वाढवल्यावर विक्रेत्याची एकूण प्राप्ती वाढते, आणि एकापेक्षा जास्त असेल तर घटते. ज्या वस्तूला जवळचे पर्याय असतात तिची मागणी अधिक लवचिक असते.”

माझा पहिला प्रश्न होता: लवचिकता एकापेक्षा कमी असताना किंमत वाढवली तर एकूण प्राप्तीचे काय होईल? ताई हसली. “अरे, तिसऱ्या वाक्यावर बोट ठेवलं की उत्तर मिळालं. अर्थ न कळताही उतरवता येईल.”

मग मी गणित घातलं: लवचिकता ०.५ आहे, किंमत २० टक्क्यांनी वाढली, तर मागणी किती टक्क्यांनी घटेल? हा तिला थोडा बरा वाटला, पण पुरेसा नाही. “लवचिकता हा शब्द तूच देतोयस. कुठला नियम लावायचा हे सांगूनच टाकलंस, मग उरला फक्त गुणाकार. उपयोजनात ते मुलानं ओळखायचं असतं. परिस्थिती द्यायची आणि धड्यातला शब्द गाळायचा.”

तेव्हा मी वडापावची गाडी आणली. गाडीवाला २० रुपयांना वडापाव विकत होता आणि दिवसाला १०० जात होते. त्याने किंमत २५ केली. आता किती जातात? ताईने ७० सुचवलं होतं. मला ते फार गोल वाटलं, खऱ्यासारखं दिसावं म्हणून मी ७८ केलं. प्रश्न असा झाला: किंमत वाढवणे गाडीवाल्याच्या गल्ल्याला फायद्याचे ठरले का? उताऱ्याच्या आधारे सकारण सांगा.

नमुना उत्तरही मीच लिहिलं. किंमत २५ टक्क्यांनी वाढली, विक्री २२ टक्क्यांनी घटली, २२ भागिले २५ म्हणजे ०.८८. एकापेक्षा कमी, म्हणून गल्ला वाढला. पाच मार्क.

पेपर झाला, तपासून झाला. मग एक मुलगी उत्तरपत्रिका घेऊन स्टाफरूममध्ये आली. तिला या प्रश्नात शून्य होतं. तिने लिहिलं होतं: आधी २० गुणिले १००, म्हणजे २,००० रुपये. नंतर २५ गुणिले ७८, म्हणजे १,९५० रुपये. गल्ला घटला, म्हणून फायद्याचे ठरले नाही. शेजारी ०.८८ काढून खोडलं होतं आणि बारीक अक्षरात लिहिलं होतं, ‘मग नियम चुकतो का?’

ताईचा फोन आला तेव्हा मी ऑफिसच्या बसमध्ये होतो. मोबाइलवर गुणाकार केला. १,९५०. कोड लिहिताना मी उत्तर दुसऱ्या वाटेने पडताळून पाहतो. इथे एक साधा गुणाकार केला नव्हता.

नियम चुकत नाही. तो लहान बदलांसाठी आहे, आणि मी २० वरून थेट २५ वर उडी मारली होती. किंमत २५ टक्क्यांनी वाढली तर गल्ला तेवढाच राहायला किती वडापाव खपायला हवेत? २,००० भागिले २५, म्हणजे ८०. विक्री २० टक्क्यांनी घटली तरी बरोबरी होते, त्याहून जास्त घटली की तोटा. नियम मात्र जुन्या किमतीवर टक्के मोजून सांगतो की २५ टक्के घट होईपर्यंत, म्हणजे ७५ वडापावांपर्यंत, गल्ला कमी होणार नाही. ७५ ते ८० च्या मधल्या पट्टीत सूत्र एक सांगतं आणि गल्ला दुसरं. माझे ७८ नेमके तिथेच पडले होते. ताईच्या ७० ने काहीच बिघडलं नसतं.

यावर पाठ्यपुस्तकात उपाय आहे, मध्यबिंदू पद्धत. टक्के जुन्या आकड्यावर न काढता जुन्या-नव्याच्या सरासरीवर काढायचे. किमतीची सरासरी २२.५०, त्यावर ५ रुपये म्हणजे सुमारे २२.२ टक्के. विक्रीची सरासरी ८९, त्यावर २२ म्हणजे सुमारे २४.७ टक्के. भागाकार १.११. एकापेक्षा जास्त, म्हणून गल्ला घटला. आता दोन्ही उत्तरं जुळतात, आणि या पद्धतीत ती नेहमीच जुळतात. पण ती पद्धत उताऱ्यात नव्हती, त्यामुळे मुलांकडून तिची अपेक्षा करता येत नव्हती.

ताईने त्या मुलीला पूर्ण मार्क दिले. ०.८८ काढून ‘गल्ला वाढला’ लिहिणाऱ्यांचेही कापले नाहीत, कारण त्यांनी उतारा सांगतो तेच केलं होतं. मग मला म्हणाली, “एक चूक अजून आहे. दोन्ही दिवसांचे आकडे दिलेस, की गुणाकार करून मोकळं होता येतं. उतारा वाचायचीच गरज नाही.” ते मला जास्त लागलं. त्या मुलीचं उत्तर बरोबर होतं, आणि तिला उताऱ्यातला एकही शब्द लागला नव्हता.

या वर्षी आम्ही प्रश्न नव्याने काढला. कॉलेजच्या गेटसमोर वडापावच्या पाच गाड्या आहेत, त्यांपैकी एकाच गाडीवाल्याने किंमत वाढवली. आवारात झेरॉक्सचे दुकान एकच आहे, त्यानेही फॉर्म भरण्याच्या शेवटच्या दिवशी दर तेवढ्याच टक्क्यांनी वाढवला. कोणाचा गल्ला वाढण्याची शक्यता अधिक, आणि का? इथे गुणायला आकडेच नाहीत. पर्यायांवरून लवचिकतेकडे आणि तिथून प्राप्तीकडे, अशी उताऱ्यातली दोन वाक्यं मुलाला स्वतः जोडावी लागतात.

दुसरा प्रश्न ताईचा आहे. गाडीवाल्याने किंमत वाढवली त्याच दिवसापासून कॉलेजला दिवाळीची सुट्टी लागली आणि विक्री निम्म्यावर आली. या आकड्यांवरून लवचिकता काढावी का? काढू नये, कारण गिऱ्हाईकच गावी गेलं आहे. ‘इतर परिस्थिती कायम असताना’ हे चार शब्द बहुतेक जण वाचून पुढे जातात, इथे सगळं उत्तर त्यांच्यावरच उभं आहे.

पेपर देण्याआधी ताईने दोन्ही प्रश्न त्याच मुलीला सोडवायला दिले. ती आता दुसऱ्या वर्षाला आहे. झेरॉक्सच्या प्रश्नावर ती म्हणाली, “मॅडम, गेटबाहेर दुसरं झेरॉक्स नाही, हे लिहा.” आम्ही ते लिहिलं.