पहिल्या तारखेचे पैसे

अण्णा कोल्हापूरच्या शाहू मिलमधून १९९५च्या उन्हाळ्यात निवृत्त झाले. फंडातले एक लाख त्यांनी पोस्टाच्या मासिक उत्पन्न योजनेत ठेवले. तेव्हा तिचा दर तेरा टक्के होता आणि मुदत सहा वर्षांची. दर महिन्याला एक हजार त्र्याऐंशी रुपये हातात यायचे. त्यातून किराणा, लाइट बिल आणि आईची औषधं भागायची. ते पासबुक आमच्या देवघराखालच्या खणात असायचं. व्याज आणायला अण्णा स्वतः जायचे आणि नोटा पोस्टातच दोनदा मोजायचे.

२००१मध्ये मुदत संपली. मुद्दल पूर्ण मिळालं, वर दहा टक्के बोनसही मिळाला. तो घराच्या कौलांवर खर्च झाला. मूळ लाख त्याच योजनेत पुन्हा ठेवायला गेलो, तर दर साडेनऊ टक्क्यांवर आलेला. तेवढ्याच रकमेवर आता सातशे एक्क्याण्णव रुपये. योजना सुरक्षित होती, सरकारने एक पैसाही बुडवला नव्हता, तरी घरात महिन्याला जवळजवळ तीनशे रुपये कमी येऊ लागले, आणि त्याच सहा वर्षांत महागाईही वाढली होती. अण्णा कुणावर चिडले नाहीत. पण पैसे बुडाले नाहीत तरी उत्पन्न बुडू शकतं, हे मी त्या वर्षी पाहिलं. सगळी रक्कम एकाच दिवशी मोकळी होते, तेव्हा त्या दिवशीचा दर पुढच्या सगळ्या वर्षांचं उत्पन्न ठरवतो.

आमच्या भागात पैशाच्या दोन चाली सगळ्यांना माहीत आहेत. उसाचं बिल एकदम मोठं येतं आणि वर्षभर पुरवावं लागतं. दुधाचं बिल दर दहा दिवसांनी येतं, छोटं असतं, पण घर त्याच्यावर चालतं. निवृत्तीची रक्कम उसाच्या बिलासारखी हातात पडते आणि तिचं दुधाचं बिल करायचं असतं. मी शिरोलीच्या एका फाउंड्रीत हिशेब विभागात नोकरी केली. पेन्शन म्हणाल तर पीएफची, तीही नावापुरती. त्यामुळे २०२५मध्ये साठाव्या वर्षी फंड आणि ग्रॅच्युइटी मिळून पंचेचाळीस लाख खात्यात आले, तेव्हा मला अण्णांचं २००१ आठवत होतं.

सगळ्यात आधी साडेतीन लाख बचत खात्यातच ठेवले. दवाखाना, घरदुरुस्ती अशा कशालाही ठेव मोडायला लागू नये म्हणून.

मोठा भाग, म्हणजे वीस लाख, ज्येष्ठ नागरिक बचत योजनेत गेला. एप्रिल २०२३पासून तिचा दर ८.२ टक्के आहे आणि मर्यादा तीस लाखांची. खातं उघडताना जो दर असतो तो त्या खात्यापुरता पाच वर्षं बदलत नाही. एप्रिल २०२०मध्ये हाच दर ८.६वरून एकदम ७.४वर आला होता. त्या मार्चमध्ये खातं काढलेल्याला आणि एप्रिलमध्ये काढलेल्याला पाच वर्षं वेगवेगळं उत्पन्न मिळालं.

हे वीस लाख मी एका खात्यात घातले नाहीत. पाच-पाच लाखांची चार खाती, ऑगस्टपासून महिन्या-महिन्याच्या अंतराने, रमणमळ्याच्या मुख्य पोस्टात काढली. खिडकीवरचा तरुण म्हणाला, "मावशी, एकच काढा की, फॉर्म कशाला चार वेळा?" कारण असं, की मुदतीआधी पैसे लागले तर खातं पूर्ण बंद करावं लागतं. एक वर्ष झालं असेल पण दोन झाली नसतील, तर मुद्दलाचा दीड टक्का कापतात. वीस लाखांच्या एका खात्याला तो कट तीस हजारांचा बसला असता. पाच लाखांचं एकच खातं मोडलं तर साडेसात हजारांत काम भागतं आणि बाकीची तीन चालू राहतात.

या योजनेचं व्याज दर तिमाहीला मिळतं: एप्रिल, जुलै, ऑक्टोबर आणि जानेवारीत. चारही खाती मिळून एकेचाळीस हजार होतात. ते बचत खात्यात जमा झाले की दर महिन्याला साडेतेरा हजार घरखर्चाच्या खात्यात आपोआप जातील, अशी सूचना मी बँकेला दिली. नाहीतर पहिल्याच महिन्यात हात सैल सुटतो. मासिक उत्पन्न योजनेत एकट्याच्या नावावर नऊ लाखांची मर्यादा आहे. ते पूर्ण ठेवले. ७.४ टक्क्यांनी महिन्याला साडेपाच हजारांवर पन्नास रुपये येतात.

खरी शिडी उरलेल्या साडेबारा लाखांची. अडीच-अडीच लाखांच्या पाच मुदत ठेवी राष्ट्रीयीकृत बँकेत केल्या. एक वर्ष, दोन वर्षं, अशा पाच वर्षांपर्यंत. ज्येष्ठांचा दर सात टक्क्यांच्या आसपास धरला तर त्यांतून महिन्याला साधारण बहात्तरशे सुटतात. दर महिन्याला व्याज घेतलं तर बँक ते थोडं कमी करून देते, म्हणून सरळ भागाकारापेक्षा आकडा जरा खाली राहतो. पहिली ठेव संपली की ती पाच वर्षांसाठी ठेवायची, पुढच्या वर्षी दुसरी. अशी दरवर्षी फक्त अडीच लाखांची रक्कम त्या वेळच्या दराला सामोरी जाते. दर घसरला तर एका पायरीचं व्याज घटतं, चार जुन्या दराने चालू राहतात. अण्णांच्या लाखाला ही सोय नव्हती.

दर वाढले तर मात्र शिडीचा फायदा हळूहळू मिळतो. आणि दर हेच राहिले तर या सगळ्यातून येणारे सव्वीस हजार पाच वर्षांनीही सव्वीस हजारच असणार. भाव तर थांबणार नाहीत. म्हणून महिन्याचे तीन हजार मी रिकरिंगला टाकते. त्यातून दरवर्षी संपणाऱ्या पायरीत भर घालायची आहे. म्हणजे खर्चाला खरे तेवीसच.

घरात वाद झाला तो यावरून नाही, पतसंस्थेवरून. धाकट्या दिरांनी ओळखीच्या एकीचं नाव सुचवलं. दोन टक्के जास्त, संचालक गल्लीतलेच. कोल्हापूर सहकारावर उभं राहिलेलं आहे, माझंही पहिलं बचत खातं सहकारी बँकेतलं. तरीही मी नाही म्हटलं. बँकेतल्या ठेवीला ठेव विमा असतो. मुद्दल आणि व्याज मिळून, एका माणसाला एका बँकेत पाच लाखांपर्यंत, सगळ्या शाखा एकत्र धरून. पतसंस्थेच्या ठेवीला तो लागू नाही. सप्टेंबर २०१९मध्ये पीएमसी बँकेवर निर्बंध आले तेव्हा ठेवीदारांना सुरुवातीला खात्यामागे फक्त एक हजार रुपये काढता येत होते. तेव्हा विम्याची मर्यादा एक लाखच होती. ती पाच लाख झाली पुढच्या फेब्रुवारीत. मी दिरांना एवढंच विचारलं, "तिथं काही झालं तर पहिल्या तारखेला आमच्या घरात काय येईल?"

आता दर एप्रिलला टीडीएस कापू नये म्हणून फॉर्म भरायचा. माझं वर्षाचं व्याज तीन लाखांच्या वर जातं, कर लागत नाही, पण फॉर्म राहिला तर व्याजातून आधी टीडीएस कापला जातो आणि तो विवरणपत्र भरून परत मागत बसावं लागतं. सगळ्या खात्यांवर यजमानांचं नाव नॉमिनी म्हणून लावून घेतलं आहे आणि प्रत्येक पावतीची तारीख एका वहीत उतरवली आहे. पुढच्या ऑगस्टला पहिली पायरी संपेल. त्या दिवशी जो दर असेल तो घेऊन ती पाच वर्षांसाठी बांधणार आहे.