वर्षभर गप्प बसलेल्या घराला पाठवलेला मेसेज

आमचं तेरेखोल ठाऊक नसेल तर आधी थोडं सांगतो. नदीच्या पलीकडे केरी, तिथून फेरीबोटीने आमच्याकडे यायचं. फेरीबोट नको असेल तर किरणपाणीचा पूल ओलांडून आरोंदा, शिरोडा, रेडी करत वळसा. म्हणजे गोव्यातल्या गोव्यात यायला महाराष्ट्रातून फिरावं लागतं. किल्ला बघायला लोक येतात, फोटो काढतात, जातात. माझा धंदा मात्र किल्ल्याचा नाही, कौलांचा. जुन्या घरांची छपरं उतरवून, वासे-रिपा बदलून परत शाकारायची. आमची निम्मी गिऱ्हाईकं मुंबई-डोंबिवलीला असतात आणि घराला कुलूप असतं.

असंच एक घर. मालक काका-काकी डोंबिवलीला, धाकटे दीर पुण्याला. २०२३ च्या एप्रिलमध्ये काकींच्या सांगण्यावरून मी छपरावर चढलो, सगळं मोजलं. बारा ब्रासचं छप्पर, ब्रासला साधारण दीडशे कौलं लागतात. सगळं उतरवून नव्याने करायचा अंदाज काढून पाठवला. "बघून कळवते" असं उत्तर आलं, त्यानंतर काहीच नाही. मे महिन्यात एकदा विचारलं, दोन निळ्या टिका उमटल्या, बस. त्या वर्षी चतुर्थीलाही ती मंडळी गावाला आली नाहीत.

२०२४ च्या मार्चमध्ये रस्त्याने जाताना त्या घराकडे नजर गेली. कौलारू छप्पर लांबूनही वाचता येतं. कौलांच्या ओळी सरळ असतील तर आतलं लाकूड ठीक. ओळ मध्येच बसली असेल तर खाली वासा गेलाय. मागच्या पाख्यावर वळचणीच्या वर दोन हात जागेत ओळ चांगली चार बोटं खाली गेली होती. दोन कौलं सरकून फट पडलेली. पाऊस त्यातून थेट भिंतीच्या माथ्यावर पडणार. जुन्या भिंती चिऱ्याच्या, पण सांधे मातीचे. माथ्यावरून पाणी शिरलं की माती धुपत जाते, चिरे सुटे होतात आणि भिंत पोटातून फुगते. कौलं शंभर वेळा बदलता येतात, भिंत फुगली की खर्चाची जातच बदलते.

काकींना लिहायचं ठरवलं. पुतण्या माझ्याबरोबर कामाला असतो, तो म्हणाला, "काका, लिहा ना, मागच्या कामाचं काय झालं म्हणून." म्हटलं, नको. तो प्रश्न वाचला की माणसाला वर्षभराचा हिशोब द्यावा लागतो आणि हिशोब द्यायचा नसला की फोन बाजूला ठेवतो. मग म्हणाला, "मेअखेरपर्यंत रेट कमी, असं लिहा." हेही नको. आम्ही काय साबण विकतो?

रस्त्यावरूनच फोटो काढला. चावी शेजाऱ्यांकडे होती, मागितली असती तर मिळालीही असती, पण विचारल्याशिवाय आत जायचं नाही हा माझा नियम. त्याच कोपऱ्याचा आदल्या वर्षीचा फोटो माझ्याकडे होता. दोन्हींवर तारीख घालून शेजारी शेजारी ठेवले आणि हे लिहिलं:

"काकी, नमस्कार. तेरेखोलहून कौलांचं काम करणारा लिहितोय. काल रस्त्याने जाताना घराच्या मागच्या पाख्याकडे लक्ष गेलं, मागच्या वर्षीचा आणि कालचा फोटो सोबत आहे. माटोळीच्या खोलीवरचा एक वासा बसलाय, बहुधा शेजारचाही. बाकी छप्पर बाहेरून होतं तसंच दिसतं. मागच्या वर्षीचा अंदाज आता जुना झाला, तो सोडून द्या, त्याचं काही देणं नाही. एवढा कोपरा पावसाआधी केला तर दोन वासे, वीसेक फूट रिपा, साठ कौलं, दोन माणसांचे तीन दिवस. सोळा हजारांत होईल. आत शिरल्यावर तिसरा वासा निघाला तर फोटो पाठवून विचारीन, मगच हात लावीन. दहा एप्रिलपर्यंत कळवलंत तर बरं, नंतर माझी माणसं शिरोड्याच्या कामावर जातील. करायचं नसेल तरी हरकत नाही, निदान फटीवर ताडपत्री टाकून घ्या, शेजाऱ्यांना सांगितलंत तरी होईल."

माटोळीच्या खोलीचा उल्लेख ठेवू की नको, यावर जरा थांबलो. गोव्यात चतुर्थीला गणपतीवर माटोळी बांधतात, ती खोली म्हणजे घराचा जीव. भावनेला हात घालतोय असं व्हायला नको. पण घरात नुसतं 'मागची खोली' म्हणावं अशा तीन खोल्या आहेत. जागा कळायला तोच शब्द बरोबर होता, म्हणून एकदाच लिहिला, पुढे ताणला नाही.

जुना अंदाज मोडीत काढला तोही मुद्दाम. एक तर वर्षभरात कौलं, लाकूड, टेम्पोचं भाडं सगळं वर जातं आणि गिऱ्हाईक जुनाच आकडा धरून बसतं. दुसरं, तो कागद उत्तराविना पडून राहतो तोवर तो त्यांच्या मनावर उधारीसारखा असतो.

चार दिवस काही नाही. पाचव्या दिवशी रात्री फोन. काकी म्हणाल्या, "तुझ्याक नाय म्हणाक लाज वाटली रे. तू वर चढलंस, मोजलंस, एक पैसो घेतलंस नाय." झालं होतं असं की मोठ्या कामाला धाकट्या दिरांचा होकार नव्हता. घर दोघांचं, खर्च कोणी किती द्यायचा यावर बोलणं अडलं आणि त्या रागात चतुर्थीही हुकली. माझ्यावर राग नव्हताच, माझ्या अंदाजपत्रकाने फक्त घरातलं जुनं भांडण वर काढलं होतं. सोळा हजारांना मात्र कोणाला विचारायची गरज नव्हती. "ह्यां माझ्या पेन्शनीत बसता," त्या म्हणाल्या. फोटो त्यांनी दिरांनाही पाठवला होता, पैसे न मागता.

एप्रिलच्या दुसऱ्या आठवड्यात काम केलं. कौलं उतरवल्यावर पेचकस टोचून पाहिला. चांगल्या लाकडात टोकही शिरत नाही, या दोन वाशांत मुठीपर्यंत गेला. वाळवी नव्हती, पाण्यानेच कुजले होते. भिंतीच्या माथ्यावरचा एकच चिरा सुटा निघाला, तो नव्याने बसवला. तिसरा वासा टोकाला काळा पडला होता पण आत टणक, त्याचा फोटो पाठवून ठेवला आणि तसाच राहू दिला.

त्या महिन्यात अशा गप्प झालेल्या पाच घरांना मी लिहिलं होतं. दोन कामं आली. एका घराने सरळ सांगितलं, घर विकायला काढलंय. तेही बरंच, वहीतून नाव कमी झालं. दोघांचं उत्तर नाही. त्यांना त्या मोसमात परत लिहिलं नाही, आधी फोटो काढण्यासारखं काही दिसलं तरच लिहीन.

त्या वर्षी चतुर्थीला काकी-काका आले, दीर-जाऊसुद्धा. कोपरा कोरडा होता. जेवणानंतर दीर मला बाहेर घेऊन गेले, पुढच्या पाख्याकडे बोट दाखवून म्हणाले, "आणि ह्या बाजूचं अर्धंच केलं तर?" मी म्हटलं अर्धं करता येतं, पण आढ्यावरचे कोने एकदाच उतरवावेत, दोनदा उतरवले तर निम्मे फुटतात. ते दोघा भावांनी बसून ठरवायचं आहे. नव्या मापाचा कागद मी दोघांनाही पाठवला आहे.